ट्विस्ट म्हणजे धक्का, कलाटणी की चकवा?

पागोळी: एका स्पर्धेसाठी माझ्या नऊ मिनिटांच्या लघुपटाचा मराठी गोषवारा लिहायचाय आणि मी ‘ट्विस्ट’वर अडकलेय. ‘धक्कादायक शेवट’ लिहिलं तर बातमीचा मथळा वाटतो. ‘कलाटणी’ बरा आहे, पण माझ्या गोष्टीत काही उलटं होत नाही, जे होतं तेच वेगळं दिसतं. त्याला काय म्हणाल?

गोष्ट थोडक्यात सांगते. परळची जुनी इमारत, जाळीच्या सरकत्या दाराची लिफ्ट. मुलगी रात्री दीडला कामावरून येते. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली, कारण तिथलं दार चार बोटं उघडं. ही चढत चढत सहाव्यावर घरी जाते. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री ती चौथ्यावर लपून बसते आणि पाहते, तर दार मुद्दाम उघडं ठेवणारे तिथले आजोबा. त्यांची बायको परिचारिका होती, रात्रपाळी करून याच वेळेला यायची. आता ती नाही. जिन्यात बाईमाणसाची पावलं वाजली की त्यांना झोप लागते.

चावडीवाला: धक्कातंत्र! राजकारणात रोज वापरतात, रुळलेला शब्द आहे. आणि हिचकॉकचं ऐका. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर पंधरा मिनिटं उत्कंठा, नाही सांगितलं तर पंधरा सेकंदांचा धक्का. म्हणजे लपवाछपवी करूच नये. आजोबा पहिल्याच मिनिटाला दाखवा.

डोंबिवलीची काकू: आमच्या इमारतीत हे रोज चालतं. तिसऱ्या मजल्यावरचे दार लावतच नाहीत. खालून ओरडून ओरडून घसा बसतो. लघुपट कुठे बघायला मिळेल? सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.

पागोळी: काकू, तो त्या विषयावरचा नाही हो :)

जुनी वही: चावडीवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. बॉम्बचा हिशोब थरारपटाचा. तिथे प्रश्न ‘काय होणार’ हा नसतो, ‘कधी’ आणि ‘सुटतील का’ हा असतो. त्यासाठी प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असावं लागतं. भयपटात बहुतेकदा त्याला पात्राइतकंच कळतं. आजोबा आधी दाखवले तर पागोळीताईंच्या चित्रपटात भीती उरणारच नाही, नुसती करुणा उरेल.

शब्दाबद्दल म्हणाल तर मी ‘चकवा’ सुचवेन. कोकणात रात्री चकवा लागतो तेव्हा काय होतं? माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच वडाखाली येऊन उभा राहतो. जागा तीच, तीही ओळखीची. आपण फिरत होतो हे मात्र आता कळतं. तुमच्या शेवटी तेच होतंय. कलाटणीत गोष्ट दिशा बदलते. धक्क्यात काहीतरी अंगावर येतं. नाट्यशास्त्रात या दचकण्याला ‘त्रास’ म्हटलंय, वीज कडाडल्यावर होतो तो, आणि तो तेहेतीस व्यभिचारी भावांपैकी एक, म्हणजे येऊन जाणारा. आपण मात्र त्रास म्हणजे कटकट समजतो.

चावडीवाला: चकव्यात भूतबाधा आहे. इथे भूत कुठंय?

जुनी वही: प्रेक्षकाला शेवटपर्यंत आहे असंच वाटतंय ना?

पागोळी: ‘चकवा’ आवडला. पण एक सल आहे. ओळखीच्यांना दाखवला तेव्हा निम्मे शेवटी गप्प झाले, निम्मे हसले. एकजण तर म्हणाला, ‘फसवलंत.’ फसवणूक आणि चकवा यांत फरक कुठे करायचा?

फ्लॅटबेड: मी संकलन करतो, शब्दांचं फार कळत नाही. पण फसवल्यासारखं कधी वाटतं ते सांगू शकतो. शेवट माहीत असलेल्या माणसाला चित्रपट पुन्हा दाखवा आणि प्रत्येक शॉटला विचारा, हा आता कशाचा? उत्तर नसेल तो शॉट खोटा. तळमजल्यावर मुलगी लिफ्टचं बटण दाबते तेव्हा कॅमेरा कुठे आहे?

पागोळी: तिच्या पाठीमागे. हळूहळू मानेजवळ जातो. ट्यूबलाइट फडफडते.

फ्लॅटबेड: ट्यूबलाइट चालेल, ती मुंबईत कुठेही फडफडते. पण मानेजवळ जाणारी नजर कोणाची? आजोबा तर चौथ्यावर आहेत. त्या शॉटने तुम्ही प्रेक्षकाला ‘खाली कोणीतरी आहे’ असं स्पष्ट सांगितलंत, आणि तसं कोणी नव्हतं. जे हसले ते तुमच्या शेवटाला नाही, त्या शॉटला हसले.

जुनी वही: इथे ‘संकेत’ हा शब्द उपयोगी पडेल. संकेत म्हणजे रूढी. चकोर चांदणं पितो हा कविसंकेत, तसा पाठीमागून सरकणारा कॅमेरा हा भयपटाचा संकेत. संकेत म्हणजे इशाराही. आणि तिसरा अर्थ प्रेमिकांनी भेटायला ठरवलेली जागा. आज वेबसाइटला ‘संकेतस्थळ’ म्हणतो, तो शब्द मुळात त्या जागेचा. तिकडे अंधारात एकटी निघणारी नायिका म्हणजे अभिसारिका. पहाडी चित्रांत तिच्या वाटेवर साप, वीज, पिशाच्चं काढलेली दिसतात. चौकट भयाची, कारण प्रेमाचं! तुमचा लघुपट याच वाटेवरचा आहे. म्हणून मला तो भयपटाचा प्रेमपट झाला असं वाटत नाही, दोन्ही आधीपासून एकाच जिन्यात होते.

फ्लॅटबेड: वहीताई, सुंदर. पण तो शॉट तरी काढावाच लागेल. त्याऐवजी कॅमेरा चौथ्यावर, आजोबांच्या घराच्या बंद दाराआड न्या. काळोख, बाहेरून पावलं, ती दम घ्यायला थांबते, आत कोणीतरी श्वास रोखून ऐकतंय. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येईल. दुसऱ्यांदा तोच श्वास आजोबांचा. अजून एक. उलगडा कितव्या मिनिटाला आहे?

पागोळी: साडेआठव्या.

फ्लॅटबेड: म्हणून ते विनोदाच्या शेवटच्या ओळीसारखं लागतंय. सातव्याच्या आसपास आणा. मागचं मनात पुन्हा लावून बघायला प्रेक्षकाला वेळ हवा, आणि तुम्हालाही एक प्रसंग मिळेल. चौथ्या रात्री ती काय करते?

पागोळी: ते मी लिहिलंच नव्हतं... लिफ्ट खाली उभी असूनही ती जिन्याने चढते?

जुनी वही: हा प्रेमपटाचा संकेत पाळलात. भेटायच्या ठिकाणी ती आली.

चावडीवाला: मला अजून ‘कलाटणी’च बरा वाटतो. गोषवारा वाचणाऱ्या परीक्षकाला चकवा वाचून कोकणातली भुताची गोष्ट वाटेल, मग आजोबा बघून तोही म्हणेल फसवलंत.

पागोळी: हे खरंय. गोषवाऱ्यात बहुधा दोन्ही शब्द टाळून ‘जिन्यातल्या पावलांची गोष्ट’ एवढंच लिहीन. ‘चकवा’ शीर्षकाला ठेवू का, ठरत नाहीये.

डोंबिवलीची काकू: शीर्षक काहीही ठेवा. पण लिफ्ट चौथ्यावर अडवून ठेवली तर पाचव्यावरच्यांनी रात्री काय करायचं? त्यांच्यापैकी कोणी तक्रार केलेली दाखवलीय का?