पहिली परदेशवारी: ग्रुप टूर घ्यावी की सहल स्वतः आखावी? (मदत हवी आहे)

निशिगंध७
मे महिन्यात युरोपला जायचे ठरले आहे आणि ही आमची पहिलीच परदेशवारी आहे. एका टूर कंपनीने माणशी २,७०,००० रुपये सांगितले असून रविवारपर्यंत नोंदणीची रक्कम न भरल्यास हा दर मिळणार नाही, असे कळवले आहे. माझे यजमान म्हणतात की एवढ्या पैशांत आपण स्वतः अधिक चांगली सहल आखू शकतो, तर माझ्या बहिणीच्या मते पहिल्या वेळी ग्रुपच बरा. कृपया ज्यांनी दोन्ही प्रकारे प्रवास केला आहे त्यांनी नेमके सांगावे, म्हणजे निर्णय घेता येईल. वेळ फार थोडा आहे.

मीनल_ठाणे
तुम्ही किती जण, कोणत्या वयाचे, किती दिवसांसाठी आणि किती देशांत जाणार आहात, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. २,७०,००० मध्ये जीएसटी, व्हिसा आणि टिप धरले आहे का, तेही सांगा. एवढी माहिती नसताना कोणीही उत्तर दिले तर तो केवळ अंदाज असेल.

आजोबा_सहकारनगर
ताई, डोळे मिटून ग्रुप टूर घ्या. आम्ही उभयता २०११ साली ग्रुपबरोबर युरोपला गेलो होतो, तेव्हा रोज संध्याकाळी गरम वरणभात मिळत होता आणि बॅग हरवल्यावर टूर मॅनेजरनेच सर्व धावपळ केली. अनोळखी देशात स्टेशन शोधत फिरणे म्हणजे सहल नव्हे, ती परीक्षा आहे.

अरण्यवाट
पहिल्या वेळी युरोपला जाण्यापेक्षा व्हिएतनामला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे ई-व्हिसा मिळतो, खर्च अर्ध्याहून कमी येतो आणि सर्व काही स्वतः जुळवता येते.

निशिगंध७
युरोप नक्की झाले आहे, त्यामुळे व्हिएतनामचा विचार सध्या नाही. आम्ही चौघे आहोत: आम्ही दोघे, मुलगी (वय ११) आणि माझी आई (वय ६९). आईचे गुडघे दुखतात आणि ती अंडेही खात नाही. हे आधी लिहायला हवे होते, पण ते महत्त्वाचे असेल असे वाटले नाही. सहल ९ रात्रींची असून फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि इटली असे पाच देश आहेत. जीएसटी वेगळा आहे. व्हिसा किमतीत धरलेला आहे.

गोदाकाठचा
आईचे वय आणि गुडघे हीच तर या प्रश्नातली मुख्य गोष्ट आहे. मी काही वर्षे या व्यवसायात होतो, म्हणून दोन गोष्टी जरा सविस्तर लिहितो.

पहिली खोल्यांची. टूरचा दर एका खोलीत दोघे या हिशेबाने असतो आणि मुलांची सवलत मूल आईवडिलांच्या खोलीत जादा पलंगावर झोपणार असेल तरच लागू होते. मुलगी तुमच्या खोलीत राहिली, तर आईला एकटीची खोली घेऊन बरीच जादा रक्कम भरावी लागेल किंवा एखाद्या अनोळखी बाईंबरोबर राहावे लागेल. मुलगी आजीबरोबर राहिली, तर तिला बहुधा मोठ्या माणसाचाच दर लागेल. तसे झाले तर चौघांचे १०,८०,००० आणि त्यावर पाच टक्के जीएसटी ५४,००० असे ११,३४,००० होतात. टूर कंपनी आयकरापोटी आगाऊ घेते तो टीसीएस याच्या वर आहे.

दुसरी गोष्ट कार्यक्रमपत्रिका वाचण्याची. नऊ रात्रींत पाच देश म्हणजे निदान पाच हॉटेले. हॉटेल बदलण्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर, सातला नाश्ता आणि आठला बस सुटते. पत्रिकेत ‘प्रवेशासह’ लिहिले असेल तरच तुम्ही आत जाता, ‘फोटो स्टॉप’ म्हणजे पंधरा-वीस मिनिटे उतरणे, आणि ‘पॅनोरॅमिक टूर’ म्हणजे बसच्या काचेतून पाहणे. पेन घेऊन या तीन प्रकारांवर वेगवेगळ्या खुणा करा, म्हणजे पैसे कशाचे भरत आहात ते दिसेल.

आजोबा_सहकारनगर
बस असली की गुडघ्यांचा प्रश्नच येत नाही. बस दारापर्यंत जाते आणि चालकाला सांगितले की तो कुठेही, कितीही वेळ थांबवतो.

गोदाकाठचा
काका, बॅगा उचलाव्या लागत नाहीत हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे, पण दारापर्यंत ही गोष्ट खरी नाही. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात पर्यटकांच्या मोठ्या बस जाऊ शकत नाहीत, त्यामुळे बाहेर उतरून पायी जावे लागते. व्हेनिसमध्ये होडीतून उतरल्यावर पूल लागतात आणि त्या पुलांना पायऱ्या असतात. झेंड्यामागे चालणाऱ्या चाळीस माणसांच्या वेगाने आईंना चालावे लागेल, आणि दुखऱ्या गुडघ्यांना अंतरापेक्षा तो वेग अधिक जाचतो. चालकाच्या मर्जीचेही तसेच आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर त्याला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि एरवी दिवसाला नऊ तासांहून अधिक चालवता येत नाही. म्हणून एका ठिकाणी अर्धा तास अधिक थांबलात, तर तो अर्धा तास पुढच्या ठिकाणातून कापला जातो.

मीनल_ठाणे
आता आमचा हिशेब देते, कारण आमचे कुटुंब जवळजवळ तुमच्यासारखेच होते: आम्ही दोघे, सासूबाई आणि बारा वर्षांचा मुलगा. मे २०२४ मध्ये आम्ही स्वतः आखून गेलो, पण पाच देशांऐवजी दोनच केले. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला पाच रात्री आणि पॅरिसला चार रात्री राहिलो. चौघांचे विमान २,४८,००० रुपये, व्हिसा आणि विमा ४४,०००, दोन शयनगृहांची स्वयंपाकघरासह घरे १,९०,०००, सहा दिवसांचे स्विस ट्रॅव्हल पास १,०५,०००, पॅरिसची रेल्वे ३५,०००, खाणे ९०,००० आणि तिकिटे व इतर फिरणे ६०,०००, असे एकूण ७,७२,००० रुपये झाले. युरो आणि फ्रँक त्यानंतर महागले आहेत, त्यामुळे हे आकडे तसेच्या तसे धरू नका. आईवडिलांबरोबर सोळा वर्षांखालील मुलांना स्विस फॅमिली कार्डावर पास फुकट मिळतो, हे मात्र आवर्जून लक्षात ठेवा.

सर्वांत मोठा फायदा हवामानाचा झाला. आम्ही रोज सकाळी टिटलिस या बर्फाच्छादित शिखराचा वेबकॅम पाहत होतो. पहिले दोन दिवस नुसते पांढरे ढग दिसले, म्हणून आम्ही ते दोन दिवस ब्रिएन्झ तलावातल्या बोटीत आणि आसपासच्या गावांत घालवले. बोटही पासात येते. तिसऱ्या दिवशी आकाश उघडले तेव्हा वर गेलो. ग्रुपची तिकिटे ठरावीक तारखेची असल्याने ढग असले तरी त्यांना जावेच लागते.

पॅरिसमध्ये मात्र आमची चूक झाली. मेट्रोच्या बऱ्याच स्थानकांत लिफ्ट नाहीत हे आधी पाहिले नव्हते, आणि पहिल्याच दिवशी बॅगांसह जिने उतरताना सासूबाई रडकुंडीला आल्या. त्यानंतर आम्ही शहरात बस वापरली आणि सामान असताना टॅक्सी.

आजोबा_सहकारनगर
म्हणजे तुम्ही पाच देश पाहिलेच नाहीत. मग स्वस्त पडणारच.

मीनल_ठाणे
हो, ही गोष्ट मी मान्य करते. हेच पाच देश नऊ रात्रींत स्वतः केले असते, तर रेल्वे आणि एकेका रात्रीची हॉटेले यांत खर्च ग्रुपच्या दराजवळ गेला असता आणि दमणूक त्याहून अधिक झाली असती. एका जागी मुक्काम केला तरच स्वतः जाणे परवडते.

अरण्यवाट
स्वतः जायचे असेल तर व्हिसाची युक्ती सांगतो. ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळेल त्या देशाचा व्हिसा घ्या, या पाचही देशांचा व्हिसा एकच असतो, त्याला शेंगेन म्हणतात, तो सगळीकडे चालतो. शिवाय टूरवर जो टीसीएस कापतात तो निव्वळ बुडतो, तोही वाचेल.

गोदाकाठचा
व्हिसा सगळीकडे चालतो हे खरे, पण अर्ज मनाला येईल त्या देशाकडे करता येत नाही. जिथे सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम समान असेल तर जिथे प्रथम प्रवेश, त्याच्याकडे. मीनलताईंसारखी योजना असेल तर पाच रात्रींमुळे अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल. खोटा मुक्काम दाखवून नंतर आरक्षणे बदलणे महागात पडू शकते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो, परंतु मे महिन्यासाठी खरी अडचण अपॉइंटमेंटची असते, म्हणून ती आजच पाहा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

टीसीएस बुडत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, फक्त तोपर्यंत पैसे अडकतात. विमान आणि हॉटेल एकाच एजंटाकडून एकत्र घेतले, तर त्यालाही पॅकेज समजून टीसीएस लागतो.

पोटोबा
खाण्याबद्दल कोणीच नीट लिहिलेले नाही. एक छोटा राईस कुकर, मुगाची डाळ, मेतकूट आणि साजूक तुपाची बरणी घेतली की युरोप जिंकलाच. ग्रुपच्या पंजाबी जेवणापेक्षा हे शतपटीने चांगले.

मीनल_ठाणे
तूप नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी युरोपीय संघात आणण्यास मनाई आहे. डाळ-तांदूळ तिथल्या दुकानांतही मिळतात. मात्र अंडे न खाणाऱ्यांसाठी ग्रुपचे जेवण ही खरोखर मोठी सोय आहे. आम्हाला स्वयंपाकघर असलेले घर मिळाले नसते, तर सासूबाईंचे हाल झाले असते.

पोटोबा
माझे तूप आजवर तीनदा गेले आहे आणि कोणीही विचारलेले नाही.

गोदाकाठचा
विचारले नाही म्हणजे चालते, असा अर्थ होत नाही. निशिगंधताई, मुलीला बारा वर्षे कधी पूर्ण होतात? विमानाचे मुलांचे तिकीट आणि व्हिसाचे अर्धे शुल्क, म्हणजे ९० ऐवजी ४५ युरो, ही दोन्ही बारा वर्षांखाली मिळतात.

निशिगंध७
ती जुलैमध्ये बारा पूर्ण करेल. आज कंपनीला खोल्यांबद्दल स्पष्ट विचारले, तेव्हा मुलगी आजीबरोबर राहिल्यास पूर्ण दर लागेल असेच उत्तर आले. व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळेल, या प्रश्नाला ‘अटींनुसार’ एवढेच सांगितले. अटींचा कागद मागितला आहे.

पत्रिकेवर खुणा केल्या. अठरा ठिकाणांपैकी सातच ठिकाणी प्रवेश आहे. यजमानांचे मत आता पक्के झाले आहे. आईला मात्र तिच्या वयाच्या बायकांची सोबत हवी आहे, आणि आम्ही तिघे आपापसांत बोलत राहू व ती एकटी पडेल, असे ती म्हणते. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रविवारी पैसे भरणार नाही, इतके ठरवले आहे. स्वित्झर्लंडसाठी अपॉइंटमेंट शोधत आहे, पण अद्याप मार्चअखेरची एकच तारीख दिसते आणि ती दोघांपुरतीच आहे. चौघांचे अर्ज दोन वेगवेगळ्या दिवशी दिले तर चालतात का?

मीनल_ठाणे
आमचे एकाच दिवशी झाले होते, त्यामुळे मला अनुभव नाही. रद्द झालेल्या जागा अधूनमधून दिसू लागतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा पाहत राहा, आणि व्हिसा हाती येईपर्यंत घरे पैसे परत मिळण्याच्या अटीवरच आरक्षित करा.