प्रतिसाद: मेंदीचा रंग

“मे महिन्यातल्या लग्नाला नवरीच्या हातावर रंग फिकाच आला. कोन घरीच भरले होते. काय चुकलं असेल?”

मला उकाड्याची शंका येते. सोलापूरच्या मे महिन्यात भिजवलेली मेंदी काही तासांतच रंग सोडते. हिवाळ्यासारखी रात्रभर बाहेर ठेवली की तिचा जोर उतरतो. म्हणून अधूनमधून तळहातावर ठिपका लावून पाच मिनिटांनी पुसून बघा. केशरी डाग उमटला की कोन भरून थेट फ्रीजरमध्ये.

दुसरं, मेंदी काढली कधी? सुकलेली मेंदी खरवडल्यावर रंग केशरीच दिसतो, गडद व्हायला एक-दोन दिवस लागतात. रविवारचं लग्न असेल तर मी शुक्रवारीच काढते आणि शनिवारपर्यंत हाताला पाणी लावू देत नाही. (नवरीची आई कुरकुरते, कुरकुरू दे.) झटपट काळे कोन मात्र वापरू नका, त्यातल्या रसायनाने फोड येऊ शकतात.