'वात' खालीही असते का? (कँडल, बॉडी, विक यांना मराठी शब्द)

रेवती
शेअरचा चार्ट आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत आणते आहे. रोजच्या चार्टवरची एकच कँडल कशी वाचायची, एवढाच विषय. 'कँडल' म्हणजे एका दिवसाचे भाव दाखवणारी उभी आकृती, तिला मेणबत्ती; 'बॉडी' म्हणजे तिचा मधला जाड भाग, त्याला धड; आणि 'विक' म्हणजे धडातून वर-खाली निघणारी बारीक रेष, तिला वात असं लिहिलं. पण दोन ठिकाणी अडले. मेणबत्तीला वात वरच असते, इथे ती खालूनही निघते. "खालची वात" वाचून माझ्या धाकट्या भावाने विचारलं, ताई, मेणबत्ती उलटी धरली आहे का? दुसरं, मी लिहिलं होतं, "हिरवी मेणबत्ती म्हणजे त्या दिवशी भाव वाढला." त्याने मोबाइलवर एक चार्ट उघडून दाखवला. मेणबत्ती हिरवी आणि शेजारी बदलाचा आकडा उणे! शब्द चुकला की वाक्य चुकलं?

नाना
रेवती, 'वात' सोडू नकोस. संस्कृत वर्ति, त्याची प्राकृतात वत्ति झाली; त्यातूनच आपली वात आली आणि बत्तीही. म्हणजे 'मेणबत्ती' या शब्दातच वात बसलेली आहे. इतका घरचा शब्द असताना 'विक' कशाला? आणि ती कायम स्त्रीलिंगीच लिही. परवा एका लेखात "वरचा वात" वाचलं. तो वात वैद्याकडे न्यायचा!

प्राची
नाना, व्युत्पत्ती पटली, पण रोज चार्ट बघणारं कुणीही वात म्हणत नाही. आम्ही कँडल, बॉडी, विकच म्हणतो. नवा माणूस पुस्तिका वाचून चार्ट उघडेल तेव्हा त्याला हेच शब्द दिसणार आहेत. आणि अर्थ फार अवघड नाही. बॉडी म्हणजे भाव जिथे टिकला, विक म्हणजे जिथे जाऊन परत आला. खालची विक लांब असेल तर खरेदीदार जिंकले, वरची लांब असेल तर विकणारे.

सुमेध
प्राची, "टिकला" हा शब्द मला खटकतो, त्यावर नंतर येतो. आधी रेवतीच्या भावाची हिरवी कँडल घेऊ, कारण सगळी गोम त्यात आहे.

समजा, काल भाव 110 वर बंद झाला. आज बाजार उघडला तोच 100 वर. दिवसभरात वर 108 पर्यंत गेला, खाली 97 पर्यंत उतरला आणि 106 वर बंद झाला. कँडलला यातले आजचे चारच आकडे माहीत असतात. धड उघडल्या भावापासून बंद भावापर्यंत, म्हणजे 100 ते 106. वरची वात 106 ते 108, खालची 97 ते 100. बंद भाव उघडल्या भावाच्या वर आहे, म्हणून रंग हिरवा. कालचा 110 हा आकडा या चित्रात कुठेच नाही. शेजारचा उणे मात्र कालच्या बंद भावाशी तुलना करून येतो: 106 वजा 110, म्हणजे उणे 4. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

तेव्हा रेवती, तुझं 'वाढला' क्रियापद ठीक आहे, पण "कशापासून" ते वाक्यात आलंच पाहिजे. "हिरवी मेणबत्ती म्हणजे ज्या भावाला दिवस उघडला त्याच्या वर बंद झाला." वाक्य लांबलं तरी चालेल.

दिगंबर
मी या शब्दांत फारसा पडत नाही, पण माझ्यावर बेतलेलं सांगतो, कारण "जिथे जाऊन परत आला" हेच वाक्य कुणीतरी मला सांगितलं होतं. एका दुपारी रोजच्या चार्टवर कँडल बघितली. 100 ला उघडलेली, 92 पर्यंत जाऊन आलेली, त्या क्षणी भाव 99. इवलंसं लाल धड आणि खाली लांबलचक विक. म्हटलं खालून उसळी आली, घेऊन टाकू. घेतले. संध्याकाळी बघतो तर बंद भाव 93! दुपारची विक गेली कुठे? मला वाटलं चार्टच बदलला. तर या गायब होणाऱ्या विकला मराठीत काय म्हणायचं?

सुमेध
दिगंबरराव, ती गायब नाही झाली, धडाने ती गिळली. दुपारी धड 100 ते 99 होतं, म्हणजे उंची 1, आणि खालची वात 99 ते 92, म्हणजे 7. संध्याकाळी धड 100 ते 93 झालं, उंची 7, आणि वात उरली 1. टोक मात्र दोन्ही वेळा 92 लाच आहे.

दिवस चालू असताना उघडला भाव एकदा ठरला की हलत नाही. वातीची बाहेरची टोकं फक्त लांबच जाऊ शकतात, मागे येत नाहीत, कारण 92 ला सौदा झाला तो झाला. सतत हलतं ते धडाचं एकच टोक, चालू भावाचं. म्हणून बाजार बंद होण्याआधी रोजच्या चार्टवरच्या शेवटच्या कँडलचा आकार पक्का नसतो. तुम्ही पाहिलेली वात तेव्हा खरीच होती, पण ती अर्ध्या दिवसाची होती.

नाना
म्हणजे खऱ्या मेणबत्तीच्या उलट. तिथे मेण सरत जातं आणि वात जळते, इथे मेण वाढून वात खातं. मग रूपक लंगडंच आहे. इंग्रजीत 'शॅडो'ही म्हणतात ना? त्यावरून 'छाया' घ्या. वरची छाया, खालची छाया. भारदस्त आहे आणि उलट्या मेणबत्तीचा घोळही मिटतो.

प्राची
छाया नको, प्लीज. छाया म्हटलं की वाचणाऱ्याला वाटेल की ते भाव खरे नव्हते, नुसता आभास होता. दिगंबरकाकांच्या कँडलमध्ये 92 ला कुणीतरी खरोखर विकलंय आणि कुणीतरी घेतलंय.

वसुधा
मी जपानी शिकवते, बाजारातलं कळत नाही, म्हणून भाषेपुरतंच लिहिते. हे चार्ट जपानमधून आले, तिथल्या तांदळाच्या व्यापारातून असं सांगतात. पण ज्यावरून ही चर्चा चालली आहे ती वात तिथे वात नाहीच! आकृतीला ते मेणबत्तीच म्हणतात, 'रोसोकु'. मधल्या भागाला म्हणतात 'जित्ताई', म्हणजे प्रत्यक्ष वस्तू, सत्त्व. आणि वर-खाली निघणाऱ्या रेषांना बोलताना सर्रास 'हिगे' म्हणतात. हिगे म्हणजे दाढीमिशा. वरची 'उवाहिगे', खालची 'शिताहिगे'. सावलीचा शब्दही तिथे आहे, 'कागे', म्हणजे नानांची छाया अगदीच निराधार नाही. पण मेणबत्तीला दाढीमिशा असणं त्यांना मुळीच खटकत नाही.

तिथे चढत्या दिवसाचा रंगही बहुधा लाल असतो. तेव्हा "हिरवी म्हणजे" अशी सुरुवात करण्याआधी रेवतीने विचार करावा.

रेवती
वसुधाताई, हे फार उपयोगी पडलं. रंगाऐवजी "बंद भाव उघडल्या भावाच्या वर असलेली" असं लिहीन आणि रंगाचं एका ओळीत सांगेन. पण मग 'मिशी' लिहू? वरची मिशी, खालची दाढी? मला स्वतःला आवडतंय, भाऊ हसतोय.

सुमेध
मिशी चालेल की नाही ते तुम्ही ठरवा. माझा अडलेला मुद्दा "टिकला". प्राची म्हणते की धड म्हणजे भाव जिथे टिकला. वरचंच उदाहरण बघ: 100 ला उघडून 97 ते 108 फिरून 106 ला बंद. समजा भाव आधी 97 ला उतरला, मग 108 ला चढला, मग 106 वर आला. एकूण चाल 3 अधिक 11 अधिक 2, म्हणजे 16. आता दुसरा दिवस घे. भाव आधी 108 ला गेला, तिथून 97 पर्यंत कोसळला आणि शेवटी 106 वर आला. चाल 8 अधिक 11 अधिक 9, म्हणजे 28. पहिला दिवस सरळ चढाचा, दुसऱ्या दिवशी दुपारी लोक घाबरलेले. कँडल दोन्ही दिवसांची हुबेहूब तीच!

आधी वर की आधी खाली, हे एका कँडलवरून कळत नाही. भाव 105 वर तीन तास होता की तीन मिनिटं, तेही नाही. 97 ला एकच छोटा सौदा झाला असेल तरी वात तिथपर्यंत जाते. म्हणून "टिकला" नको, "जिंकले"ही नको. उघडला इथे, बंद झाला इथे, मधे इथवर गेला होता. एवढंच चित्रात आहे. क्रम बघायचा असेल तर त्याच दिवसाचा पंधरा मिनिटांचा चार्ट उघडावा लागतो.

प्राची
"टिकला" मागे घेते. पण "जिंकले" पूर्ण नाही सोडणार. 108 पर्यंत जाऊन 106 ला बंद होणं आणि 108 पर्यंत जाऊन 101 ला बंद होणं, यात काहीच फरक नाही म्हणतोस?

सुमेध
आहे ना. बंद भाव दिवसाच्या पूर्ण पल्ल्यात कुठे बसला, ते मीही बघतो. 97 ते 108 हा पल्ला 11 चा. 106 म्हणजे खालून 9 वर, 101 म्हणजे खालून 4 वर. फरक दिसतो. पण त्यावरून उद्याचं काही सांगता येतं, हे मी म्हणणार नाही. आणि काही बाजारांत बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नसतो, शेवटच्या काही मिनिटांची सरासरी असते. तेव्हा "शेवटी कोण जिंकलं" हे आणखी धूसर होतं.

प्राची
इथे आपलं जमायचं नाही. रोज बघणारे सगळे असंच बोलतात आणि त्याचा त्यांना उपयोग होतो.

दिगंबर
मला झाला नाही.

नाना
रेवती, 'उघडला भाव' मात्र बदल. भाव उघडत नाही, बाजार उघडतो. 'आरंभभाव' लिही.

सुमेध
नाना, 'आरंभभाव' वाचून नवा माणूस पान उलटेल. "उघडताना 100, बंद होताना 106" असं क्रियापदातच सांगितलं तर नामाची गरजच पडत नाही. आणि रेवती, एक चूक नवखे हमखास करतात ती पुस्तिकेत टाक: धडाचं खालचं टोक म्हणजे उघडतानाचा भाव असं ते धरून चालतात. चढत्या कँडलमध्ये ते बरोबर. उतरत्यात उघडताना वर आणि बंद होताना खाली. दिगंबररावांच्या कँडलमध्ये 100 हे धडाचं वरचं टोक होतं.

रेवती
टाकते. आता भावाने नवीनच काढलं. त्याने एक कँडल दाखवली, तिला खाली वात नाहीच, वरही नाही. नुसतं धड. म्हणतो, वात नाही तर ही मेणबत्ती कसली?

सुमेध
त्या दिवशी भाव उघडला त्याच्या खाली कधी गेलाच नाही आणि बंद झाला तो दिवसाच्या सर्वांत वरच्या भावाला. अर्थात, ती चढती असेल तर. उतरती असेल तर अगदी उलट. याला 'मारुबोझू' म्हणतात. चार्ट फार लहान करून बघत असेल तर छोटी वात दिसतही नाही; त्याला कँडलवर बोट ठेवून चारही आकडे वाचायला सांग.

वसुधा
'मारुबोझू'! हा तर घरगुती शब्द आहे. 'मारुबोउझु' म्हणजे पूर्ण मुंडण केलेलं डोकं. बघा, दाढीमिशांचं रूपक तिथेही चालूच आहे. हिगे नाही म्हणून ती भादरलेली.

नाना
मग त्याला मराठीत शब्द शोधायला नको. तुळतुळीत.

रेवती
आकडे वाचले. उघडताना आणि सर्वांत खाली दोन्ही एकच, बंद होताना आणि सर्वांत वर दोन्ही एकच. 'तुळतुळीत' घेतला, नाना. पण आता 'तुळतुळीत' ठेवायचं तर वातीची मिशी करावी लागेल, आणि पहिल्या तीन पानांवर वातच लिहून बसले आहे.