मदत हवी आहे: उत्पादित बरोबर, यंत्रणा गायब, गुण कसे द्यावेत?

३-मिथाइल-१-ब्यूटीन आणि HBr, यंत्रणेसह, ५ गुण. पहिल्या उत्तरात २-ब्रोमो-२-मिथाइलब्यूटेन हे मुख्य उत्पादित बरोबर लिहिलंय, पण कारण एवढंच: ‘मार्कोव्हनिकॉव्हचा नियम’. नुसत्या त्या नियमाने तर २-ब्रोमो-३-मिथाइलब्यूटेन यायला हवं! (पाठांतरच असणार.) दुसऱ्यात द्वितीयक कार्बोकॅटायन, हायड्राइड सरकून तृतीयक होणं, मग ब्रोमाइडचा हल्ला, सगळं शब्दांत नीट मांडलंय, फक्त पहिला वक्र बाण द्विबंधाकडून हायड्रोजनकडे हवा, तो उलटा काढलाय.

उत्पादिताला ३, यंत्रणेला २ असं करून पाहिलं, तर दोघांत जेमतेम एका गुणाचा फरक पडतो. नमुना उत्तरात फक्त उत्पादित आहे. एकूण गुण बदलता येणार नाहीत. हायड्राइड सरकण्याला स्वतंत्र गुण ठेवाल का, आणि उलट्या बाणाचे किती कापाल?