सैद्धांतिक चौकट आणि प्रश्नावली यांची सांगड

> "म्हापशातील घरगुती कचरा वर्गीकरणावर प्रबंध आहे. आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत आणि मास्लो यांची गरजांची उतरंड घेतली आहे. सर म्हणतात, चौकट अधांतरी आहे. काय बदलू?"

प्रथम प्रश्नावली समोर ठेवावी आणि प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणती संकल्पना मोजतो हे लिहावे. मास्लोंच्या वाट्याला बहुधा एकही प्रश्न येणार नाही. तसे झाल्यास तो भाग, कितीही मेहनतीने लिहिलेला असला तरी, काढून टाकावा.

खरी गफलत होते ती आयझेन यांच्या सिद्धांतातील वर्तन-नियंत्रणाच्या जाणिवेबाबत, म्हणजे ते वर्तन आपल्याला कितपत जमेल असे माणसाला वाटते त्याबाबत. "ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे मला सहज जमते" हे विधान ती जाणीव मोजते, "पालिकेची गाडी आठवड्यातून किती वेळा येते?" हा प्रश्न मात्र प्रत्यक्ष परिस्थिती मोजतो. दोहोंचे गुण एकत्र केल्यास गाडी रोज येत असूनही वर्गीकरण अवघड वाटणारे कुटुंब आकड्यांत दिसेनासे होते. म्हणून गाडीच्या फेऱ्या हे वेगळे चल मानावे आणि त्यांचा जाणिवेवर परिणाम अपेक्षित का, हे चौकटीतच स्पष्ट करावे.

चौकटीच्या शेवटच्या टोकाला, हेतूनंतर, "वर्तन" लिहिण्यापूर्वीही थांबावे. येत्या महिन्यात वर्गीकरण करणार का, एवढेच विचारले असेल तर चौकट हेतूपाशीच संपते. सध्या करता का, असे विचारले असेल तर ते "स्वकथित वर्तन" होय, कारण लोक अशा वेळी स्वतःला थोडे झुकते माप देतातच. शिवाय आजचा हेतू आणि आजवरचे वर्तन एकाच बैठकीत विचारल्यावर हेतूमुळे वर्तन घडले, असा दावा करता येत नाही.