डॉलर इंडेक्स चढला की युरोत बिल लावणाऱ्याचा फायदा होतो का?

मकरपुरा_व्हॉल्व्ह: आमची पार्टी जर्मनीत आहे, बिल युरोत, पैसे ६० दिवसांनी. टीव्हीवर डॉलर इंडेक्स चढला असं दिसलं की ऑफिसात सगळे म्हणतात, आता रुपया पडणार, फॉरवर्ड बुक करू नका, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव बँकेशी आजच पक्का करू नका, थांबा, वसुलीत चार पैसे जास्त मिळतील. हे बरोबर आहे का? आणि मुळात हा आकडा वाचायचा कसा?

रावपुरा: थांबा, फायद्यात राहाल. २०२२ आठवा. वर्षाच्या सुरुवातीला इंडेक्स ९६ च्या आसपास होता, सप्टेंबरअखेर ११४ च्या वर गेला. रुपया तेव्हा ७४ वरून ऑक्टोबरात ८३ पार झाला. इंडेक्स म्हणजे जगातल्या सगळ्या मोठ्या चलनांसमोर डॉलरचा भाव. त्यात युआन आहे, थोडा रुपयाही आहे. तो चढला की सगळीच चलनं उतरतात, आपलंही.

सयाजीगंज: रावपुरा, २०२२ चे आकडे बरोबर आहेत, पण इंडेक्स ज्या चलनांच्या टोपलीवरून काढतात तिच्यात ना युआन आहे ना रुपया. चलनं सहाच: युरो ५७.६ टक्के, येन १३.६, पाउंड ११.९, कॅनडाचा डॉलर ९.१, स्वीडनचा क्रोना ४.२ आणि स्विस फ्रँक ३.६. मार्च १९७३ ला १०० धरून हा आकडा सुरू झाला. १९९९ मध्ये युरो आला तेव्हा मार्क, फ्रेंच फ्रँक, लिरा वगैरेंच्या जागी तो बसला, आणि त्यानंतर वजनं बदललेली नाहीत. अमेरिकेचा चीन आणि मेक्सिकोशी आज केवढा व्यापार आहे, पण इंडेक्सला त्याची खबरच नाही. स्वीडन मात्र त्यात बसून आहे.

मकरपुरा, तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अर्ध्याहून जास्त वजन युरोचं, म्हणून इंडेक्स चढतो तेव्हा बहुतेक वेळा युरो पडलेला असतो. आणि तुमचं बिल युरोतच आहे. शीटमध्ये स्वतः मांडून पाहा. B1 ते B6 मध्ये क्रमाने EURUSD, USDJPY, GBPUSD, USDCAD, USDSEK, USDCHF भरा:

```
=50.14348112*B1^(-0.576)*B2^0.136*B3^(-0.119)*B4^0.091*B5^0.042*B6^0.036
```

युरो आणि पाउंड यांच्यापुढेच उणे चिन्ह आहे, कारण त्यांचे भाव उलटे सांगतात: एका युरोला किती डॉलर. बाकीचे एका डॉलरला किती येन, किती क्रोना असे. B1 मध्ये कोणी चुकून USDEUR टाकला तर युरो पडल्यावर इंडेक्सही पडताना दिसेल. तसं दिसलं की समजा, भाव उलटा भरलाय.

उदाहरणाला सोपे भाव घ्या: 1.10, 150, 1.30, 1.40, 10, 0.88. उत्तर १०२.८२ येईल. आता फक्त युरो 1.05 करा, बाकी कशालाही हात लावू नका. इंडेक्स १०५.६१ होतो, म्हणजे २.७ टक्के वर. टीव्हीवर 'डॉलरची मुसंडी' अशी पट्टी येईल, पण इथे हललं फक्त युरो. युरो परत 1.10 करून क्रोना 10 चा 10.5 करा. इंडेक्स जेमतेम ०.२ टक्के हलेल.

रावपुरा: टोपलीबद्दल चुकलो, मान्य. पण रुपया पडलाच होता ना? भाव रुपयांतच मिळणार आहे त्यांना.

सयाजीगंज: मिळणार रुपयांतच, पण युरोचा रुपयातला भाव दोन पायांवर उभा असतो: युरो-डॉलर आणि डॉलर-रुपया. दोन्हींचा गुणाकार करा. एक लाख युरोचं बिल घ्या. पाठवलं तेव्हा युरो 1.10 आणि डॉलर ८५ रुपये, म्हणजे युरो ९३.५० रुपये, बिल साडेत्र्याण्णव लाखांचं. ६० दिवसांत इंडेक्स चढला, युरो 1.05 झाला आणि रुपयाही तुमच्या अंदाजाप्रमाणे पडून ८६ झाला. आता युरो ९०.३० रुपये. रुपया पडूनसुद्धा ३ लाख २० हजारांची खोट. बरोबरीत यायला डॉलर ८९.०५ च्या वर जायला हवा होता.

आणि तुम्ही आणलेलं २०२२ च पाहा. जानेवारीत युरो ८४ रुपयांच्या आसपास होता, सप्टेंबरअखेर ७८ ते ८०. डॉलरचं बिल असणाऱ्यांनी त्या नऊ महिन्यांत कमावलं आणि युरोत बिल लावून थांबलेल्यांनी गमावलं. इंडेक्स त्याच दिशेने गेला, रुपया त्याच दिशेने गेला, तरीही.

वारसिया: आमची लेक कॅनडात शिकते. जानेवारीची फी भरायची आहे. इंडेक्स चढला तर डॉलर महाग होतो असं वाचलं, म्हणजे आत्ताच भरून टाकावी का?

सयाजीगंज: ताई, फी कॅनडाच्या डॉलरमध्ये आहे आणि इंडेक्स चढला तर तो सहसा अमेरिकी डॉलरसमोर उतरलेला असतो, कारण तो टोपलीतल्या सहांपैकीच एक. त्याचा रुपयातला भाव उतरेल, चढेल किंवा तिथेच राहील, इंडेक्सवरून कळणार नाही. CADINR हा भाव थेट पाहा, आणि बँकेकडून तिचा विक्री दर मागून घ्या. बाजारभाव आणि तो दर यांतला फरक पुष्कळदा आठवडाभराच्या चढउतारापेक्षा मोठा निघतो.

अलकापुरी: सयाजीगंजकरांचं गणित चोख आहे, पण ते निष्कर्ष फार पुढे नेतायत असं मला वाटतं. इंडेक्स निरुपयोगी नाही. भारताच्या आयातीची बिलं मोठ्या प्रमाणात डॉलरमध्ये होतात, माल अमेरिकेतून येत नसला तरी. आखातातलं तेल घ्या किंवा चीनचे सुटे भाग. म्हणून डॉलर चढला की ज्यांचं अमेरिकेशी काही देणंघेणं नाही त्यांचाही खर्च वाढतो. ज्या देशांनी आणि कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्ज काढलंय त्यांचा हप्ता त्यांच्या चलनात फुगतो. हा परिणाम सहा चलनांपुरता राहत नाही.

२०२२ मधली एक गोष्ट लोक विसरतात. त्या आर्थिक वर्षात आपली परकीय गंगाजळी आटली, तेव्हा सगळे म्हणाले की रिझर्व्ह बँकेने रुपया वाचवायला डॉलर विकले. विकले होतेच. पण ३० सप्टेंबरच्या पतधोरणात गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी सांगितलं की त्या वर्षातली सुमारे ६७ टक्के घट निव्वळ मूल्यांकनातली आहे, म्हणजे डॉलर चढल्यामुळे आणि अमेरिकी रोख्यांचं व्याज वाढल्यामुळे. गंगाजळीत युरो, पाउंड, येनही असतात आणि हिशेब डॉलरमध्ये मांडतात. युरो पडला की तिजोरीतून एक पैसाही न काढता आकडा घटतो. इंडेक्स पाहिला नसता तर ती घट वाचताना चुकलो असतो.

सयाजीगंज: गंगाजळीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो इंडेक्सकडून युरोकडे जाणारा मुद्दा आहे, रुपयाकडे जाणारा नाही. २०२५ चा पूर्वार्ध पाहा. इंडेक्स १०८ च्या वरून जूनअखेर ९७ पर्यंत घसरला, सुमारे १०.७ टक्के. रावपुरांच्या नियमाने रुपया चांगलाच वधारायला हवा होता. डॉलर डिसेंबरअखेर ८५.६ होता, जूनअखेर ८५.७. मधल्या काळात खालीवर झाला, पण शेवटी जिथल्या तिथे. युरो मात्र ८९ रुपयांच्या आसपासून १०० च्या वर गेला. 'डॉलर कोसळला' अशा बातम्या ऐकून जर्मन मशीनचे पैसे चुकते करायला जे थांबले, त्यांना तेच मशीन बारा टक्क्यांहून महाग पडलं.

डिसेंबर २०२५ मध्ये तर डॉलर ९० रुपयांच्या वर गेला, आणि तेव्हा इंडेक्स १०० च्या खाली होता. मधे ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं होतं. अशी कारणं त्या सहा चलनांच्या टोपलीत दिसणार कुठून?

अलकापुरी: म्हणूनच मी तो प्रसिद्ध इंडेक्स सोडून फेडरल रिझर्व्हचा विस्तृत इंडेक्स पाहतो. त्यात २६ चलनं आहेत, युआन, मेक्सिकन पेसो आणि आपला रुपयाही. वजनं व्यापाराप्रमाणे दरवर्षी बदलतात. जानेवारी २००६ ला १०० धरलंय. FRED या फेडच्याच आकडेवारीच्या संकेतस्थळावर DTWEXBGS टाका, मिळेल. दोन्ही एकाच दिशेने चालले असतील तर डॉलर खरोखर सगळ्यांसमोर चढतोय. फक्त सहा चलनांचा चढला आणि विस्तृत जवळपास स्थिर राहिला, तर ती युरोपची गोष्ट समजा. एवढं लक्षात ठेवा, त्याचे आकडे दर सोमवारी मागच्या आठवड्याचे येतात, त्यामुळे आजचा फॉरवर्ड ठरवायला तो कामाचा नाही. आणि दोन आकड्यांची थेट तुलना करू नका, एकाचा पाया १९७३, दुसऱ्याचा २००६. बदलाचे टक्के तोला.

रावपुरा: मग मकरपुरांनी नेमकं करायचं काय? युरो फॉरवर्ड घ्यायचा की डॉलर फॉरवर्ड? आमच्याकडे तर सगळे डॉलरचाच घेतात.

सयाजीगंज: युरोच्या बिलावर डॉलर फॉरवर्ड घेतला तर दोन पायांपैकी एकच बांधला. वरचं उदाहरण घ्या: एक लाख १० हजार डॉलर ८५ ने विकून ठेवले. मुदतीला एक लाख युरोचे मिळाले एक लाख पाच हजारच डॉलर. कमी पडलेले पाच हजार बाजारातून ८६ ने घेऊन द्यायचे. हाती येतात ८९ लाख २० हजार, म्हणजे काहीच न बांधता थांबला असता त्यापेक्षाही कमी. बँकेकडे थेट EURINR चा मुदतीच्या तारखेचा फॉरवर्ड मागा. आणि त्याची तुलना आजच्या भावाशी करू नका. आपलं व्याज युरोपातल्यापेक्षा जास्त असतं तोवर ६० दिवसांनंतरचा भाव आजच्यापेक्षा थोडा वरचा मिळतो. न बांधता थांबायचं असेल, तर त्या वरच्या भावापेक्षा जास्त मिळायला हवं.

मकरपुरा_व्हॉल्व्ह: समजलं. आमचा बार स्टॉक चीनमधून येतो, त्याचं बिल डॉलरमध्ये. म्हणजे युरो घसरला आणि डॉलर चढला, तर आमची दोन्हीकडून कोंडी.

सयाजीगंज: बरोबर, आणि तुमच्यासाठी खरा धोका तोच आहे. दर महिन्याला किती युरो येतात आणि किती डॉलर जातात, ते एका ओळीत लिहून काढा. आलेल्या युरोतूनच डॉलर चुकते करता येतात का, ते बँकेला विचारा. युरोचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा डॉलर करण्यात दोनदा मार्जिन जातं. चुकते होत असतील तर तेवढ्या रकमेपुरता रुपया मधून बाजूला होतो आणि EURUSD एवढाच धोका उरतो.

अलकापुरी: आणि त्या EURUSD साठी सहा चलनांचा इंडेक्स पाहिला तरी चालतं, हे तुम्हीच आता कबूल करताय.

सयाजीगंज: EURUSD समोर दिसत असताना त्याची ५७.६ टक्के सावली कशाला पाहायची? माझा आक्षेप तेवढाच आहे.

अलकापुरी: येन, पाउंड, फ्रँक पण त्याच वेळी पडतायत का, हे एका नजरेत कळतं म्हणून. एकटा युरो पडला तर युरोपातल्या कारणामुळे, सगळे पडले तर अमेरिकेतल्या व्याजामुळे. दुसऱ्या प्रकारची पडझड सहसा जास्त दिवस टिकते असं मला वाटतं. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या.