मदत हवी आहे: पाच घरांच्या दुरुस्त्यांची वही, पण गळती परत का येते ते कळत नाही

खळ्यातून:
मंडळी नमस्कार. गुहागरच्या आसपास आमची आणि चुलत भावंडांची मिळून पाच घरं आहेत, सगळ्यांची देखभाल माझ्याकडे. भावंडं मुंबईला. तीन घरं पर्यटकांना देतो, दोन भाड्याने. तीन वर्षं एक्सेलमध्ये खर्च लिहितोय: तारीख, घर, काम, कोणी केलं, रक्कम. दरवर्षी 'गळती' या नावाखाली पैसे जातात. घर २ च्या स्लॅबला दोनदा कोटिंग केलं, तरी यंदा पुन्हा ओल. भावंडं विचारतात, एवढा खर्च कशावर? पत्रक दाखवतो, पण त्यातून मलाच काही उलगडत नाही. कोटेशनंही तीन आली की तीन तऱ्हांची, तुलना कशी करायची? तुम्ही कसं लिहिता?

सुपारी_बाग:
एकच कॉन्ट्रॅक्टर धरा, पाचही घरं त्यालाच द्या. दर साली माणूस बदललात की तो आधीच्याच्या नावाने बोटं मोडतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो.

नारळीपौर्णिमा:
आमच्याकडे पंपाची मोटर तीनदा रिवाइंड झाली. वायरमन म्हणतो व्होल्टेज, मोटरवाला म्हणतो विहिरीत पाणी कमी. बरं, कोटिंग कुठल्या कंपनीचं केलंत? आम्हालाही करायचंय.

चिरेबंद:
ताई, त्यांचा प्रश्न कोटिंगचा नाहीये. खळ्यातून, तुमचं पत्रक खर्चाचं आहे, तक्रारींचं नाही. बिलाची तारीख लिहिता ना? ओल दिसते जूनमध्ये, काम होतं दिवाळीनंतर आणि नोंद पडते नोव्हेंबरची. मग पावसाशी संबंध कसा दिसणार? एक ओळ म्हणजे एक तक्रार करा, बिल नंतर तिला जोडा. तारीख पहिल्यांदा दिसल्याची.

दुसरं, 'गळती' हा शब्दच टाकून द्या. जागा लिहा: खोली, कुठली भिंत की छत, डाग किती उंचीवर. आणि त्या दिवशी झड होती की सरळ पाऊस. जागेचे शब्द मात्र ठरवून ठेवा. 'पश्चिम भिंत' आणि 'समुद्राकडची भिंत' असं दोन्ही लिहिलंत, तर मोजणीत ती वेगळी पडतात. B मध्ये घर, D मध्ये जागा असेल तर:

```
=COUNTIFS(B:B,"घर २",D:D,"पश्चिम भिंत")
```

कोटेशनसाठी एक रकाना वाढवा: 'याच्या मते कारण काय'. नाकारलेली कोटेशनंही ठेवा. कोटिंगवाल्याला स्लॅब दिसतो, गवंड्याला भिंत दिसते. ते लिहिलं नाही तर रकमा नुसत्या एकाखाली एक राहतात. दर एकाच मापावर आणा. एकाने चौरस फुटाला ३८ रुपये लावून १,१०० फूट धरले, म्हणजे ४१,८००. दुसऱ्याने उक्ते ५५,००० सांगितले. दुसरा महाग वाटतो, पण कठड्याची आतली बाजू त्याने धरलीय का, हे विचारल्याशिवाय काही म्हणता येत नाही.

सुपारी_बाग, एक माणूस धरल्याने जुनी माहिती टिकते हे खरं. पण त्याचं निदानच चुकलं तर पाचही घरांत तेच चुकतं.

खळ्यातून:
दोन रात्री बसून जुने व्हॉट्सॲप मेसेज आणि फोटो चाळले, तक्रारीच्या तारखांनी ओळी पुन्हा लावल्या. घर २ आणि घर ४ मिळून नऊ तक्रारी, त्यातल्या सात पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या आसपास. छतावर एकच. दोन्ही घरं जांभ्याची, बाहेरून गिलावा नाही. वडील पडवीला झापं बांधायचे, मी ती सोडली. आणि गंमत म्हणजे 'भिंतीतून येतंय' असं एका गवंड्याने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. त्याचं कोटेशन मी फाडून टाकलं.

चिरेबंद:
लगेच भिंतीवर पैसे घालू नका. पाऊस संपला की स्लॅबचे पन्हाळ बोळे घालून बंद करा, दोन-तीन इंच पाणी दोन दिवस तुंबवा. त्याआधी स्लॅबला तडे नाहीत ना, हे कोणाला तरी दाखवून घ्या. छत खालून कोरडं राहिलं, तर भिंतीवरचा संशय पक्का. झडीच्या पावसात तासाभरात ओल येते आणि सरळ पावसात येत नाही, हीसुद्धा भिंतीचीच खूण. आणि छताची ती एक तक्रार वेगळी ठेवा, तिचं कारण निराळं असू शकतं.

नारळीपौर्णिमा:
मग मी मोटर जळाली त्या दिवसाची पाण्याची पातळीही लिहायला हवी होती तर.

चिरेबंद:
हो, आणि वेळ. संध्याकाळीच जळते का ते बघा.

खळ्यातून:
पाणी तुंबवून बघतो. पण घर ५ चं कोडं आहेच. तिथे चार तक्रारी, चारही वेगळ्या जागी, एकही परत आलेली नाही. यातून काय वाचायचं?